नोटिशीत जे लिहिलं नव्हतं ते

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लाखो टी-मोबाइल ग्राहकांच्या फोनवर एक छोटा मेसेज आला. तुमच्या काही वैयक्तिक माहितीपर्यंत परवानगीशिवाय कोणीतरी पोचल्याचं आमच्या लक्षात आलं आहे, तुमच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाची माहिती गेल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, तुम्ही आपलं क्रेडिट सुरक्षित ठेवण्यासाठी पावलं उचलावीत, आणि खाली एक लिंक. बस्स, एवढंच.

आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांनी तो वाचला आणि पुढचा मेसेज उघडला. कार्ड गेलं नाही म्हणतात ना, मग झालं. पण त्यातल्या अनेकांचं कार्डापेक्षा मोठं काहीतरी गेलं होतं आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नव्हतं. कार्ड एका फोनवर बंद करून नवं मिळतं. सोशल सिक्युरिटी नंबर मात्र आयुष्यभराचा असतो. व्हिसा संपून तुम्ही कोल्हापूरला परत गेलात तरी तो तुमचाच राहतो आणि चोराच्या हातीही तसाच राहतो.

माहितीची चोरी झाल्यावर कंपनी ग्राहकाला नोटीस पाठवते. तिच्याकडून तीन प्रश्नांची उत्तरं अपेक्षित असतात: माझं नेमकं काय गेलं, तुम्ही काय केलंत, आणि आता मी काय करू? टी-मोबाइलचं प्रकरण आज पुन्हा काढण्याचं कारण असं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट असेल तर पुढची दोन उत्तरं कशी निकामी होतात हे त्यात स्पष्ट दिसतं. आणि या प्रकरणात आपल्यासारखे स्थलांतरित कामगार सगळ्यात मोठ्या गटात होते, तोही असा गट की ज्याला आपण त्यात आहोत याची कल्पनाच नव्हती.

काय घडलं

ऑगस्ट २०२१ च्या मध्यावर मदरबोर्ड या वृत्तस्थळाने बातमी दिली की एक जण टी-मोबाइलच्या ग्राहकांची माहिती इंटरनेटवर विकायला बसला आहे. १६ ऑगस्टला कंपनीने घुसखोरी झाल्याचं मान्य केलं. पुढे एका एकवीस वर्षांच्या तरुणाने वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की इंटरनेटवर उघडा पडलेला एक राउटर त्याला सापडला, तिथून तो वॉशिंग्टन राज्यातल्या कंपनीच्या एका डेटा सेंटरमध्ये शिरला आणि शंभरावर सर्व्हरपर्यंत पोचला. वॉशिंग्टन राज्याच्या अॅटर्नी जनरलने नंतर दाखल केलेल्या दाव्यानुसार ही घुसखोरी मार्च २०२१ पासून चालू होती. ऑगस्टमध्ये बाहेरच्या कोणीतरी निनावी कळवलं तेव्हा कुठे कंपनीला पत्ता लागला.

कंपनीने आकडे टप्प्याटप्प्याने दिले. पहिल्या खेपेला सांगितलं की सध्याच्या ७८ लाख पोस्टपेड ग्राहकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर आणि लायसन्स किंवा ओळखपत्राची माहिती गेली आहे. साडेआठ लाख प्रीपेड ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि खात्याचे पिन उघडे पडले. काही दिवसांनी त्यात आणखी ५३ लाख पोस्टपेड खाती जोडली गेली. त्यांचे नाव-पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर आणि फोन व सिमचे ओळख क्रमांक गेले होते, पण सोशल सिक्युरिटी नंबर नव्हते. पुढे कोर्टातल्या तडजोडीत बाधितांची एकूण संख्या सुमारे ७ कोटी ६६ लाख धरली गेली.

या सगळ्यात एक आकडा थांबून वाचण्यासारखा आहे. सोशल सिक्युरिटी नंबर गेलेल्यांमध्ये ४ कोटींहून जास्त लोक असे होते जे टी-मोबाइलचे ग्राहकच नव्हते. ते एकतर पूर्वी कधीतरी ग्राहक होते, किंवा त्यांनी फक्त अर्ज केला होता.

अर्ज केला आणि विसरलो

हा गट आपल्या माणसांनी भरलेला का असणार, हे एक उदाहरण धरून पाहू. समजा, पुण्याहून एक जण एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत उतरला. पंधरा दिवसांत त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला. तो मोबाइलच्या दुकानात गेला. पोस्टपेड प्लॅन हवा तर दुकानदार क्रेडिट तपासतो, त्यासाठी नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर आणि एखादं ओळखपत्र मागतो. अमेरिकेत क्रेडिटचा इतिहास शून्य, त्यामुळे अर्ज नाकारला गेला किंवा मोठं डिपॉझिट मागितलं गेलं. मग त्याने दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड सिम घेतलं, किंवा रूममेटच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन जोडून घेतली. दुकानातली ती दहा मिनिटं तो विसरून गेला.

कंपनीचा संगणक मात्र विसरला नाही. अर्ज नाकारला तरी अर्जातली माहिती तिथेच राहिली. वर्षं गेली. या काळात त्याने तीन अपार्टमेंट बदलली, नोकरी बदलली, न्यू जर्सीहून टेक्ससला गेला. मग चोरी झाली. कंपनीकडे त्याचा जो पत्ता होता तो पहिल्या अपार्टमेंटचा. नोटीस आलीच असेल तर तिथे आली आणि सध्याच्या भाडेकरूने ती कचऱ्यात टाकली. मेसेज यायचा तर तो कंपनीचा ग्राहकच नाही. बातमी वाचली असेल तर म्हणाला असेल, मी कुठे टी-मोबाइल वापरतो, मला काय त्याचं?

कंपनीचे प्रमुख माइक सीव्हर्ट यांनी २७ ऑगस्टच्या निवेदनात सांगितलं की सोशल सिक्युरिटी नंबरसारखी माहिती गेलेल्या सध्याच्या जवळजवळ सगळ्या ग्राहकांना किंवा खात्याच्या मुख्य धारकांना कळवून झालं आहे, आणि जुन्या ग्राहकांना व अर्जदारांना कळवण्याचं काम चालू आहे. यातले 'मुख्य धारक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे चार-पाच मित्र एकाच्या नावावर फॅमिली प्लॅन घेतात आणि महिन्याला पैसे वाटून देतात. अशा वेळी खात्याबद्दलचं पत्र ज्याच्या नावावर खातं त्याला जातं. त्याने इतरांना सांगितलं तर कळणार, नाहीतर नाही. आणि ज्याच्या नावावर खातं, त्याचाच सोशल सिक्युरिटी नंबर सगळ्यांसाठी तारण पडलेला असतो.

दोन प्रकारचे मेसेज

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ६ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल बॉब फर्ग्युसन यांनी टी-मोबाइलवर दावा दाखल केला. त्या राज्यातले २० लाखांहून जास्त रहिवासी या चोरीत सापडले होते आणि त्यातल्या पावणेदोन लाखांहून जास्त लोकांचे सोशल सिक्युरिटी नंबर गेले होते. दाव्याचा एक भाग ढिल्या सुरक्षेबद्दल आहे. दुसरा भाग थेट नोटिशीबद्दल आहे आणि आपल्यासाठी तोच जास्त शिकण्यासारखा आहे.

राज्याचं म्हणणं असं: ज्या सध्याच्या ग्राहकांचा सोशल सिक्युरिटी नंबर गेला नव्हता, त्यांना कंपनीने तो गेला नाही असं मेसेजमध्ये आवर्जून सांगितलं. पण ज्यांचा गेला होता, त्यांच्या मेसेजमध्ये तो गेल्याचा उल्लेखच नव्हता. त्यांना 'काही वैयक्तिक माहिती' एवढंच कळलं आणि कार्डाबद्दल दिलासा मिळाला. म्हणजे चांगली बातमी नाव घेऊन दिली आणि वाईट बातमी मोघम ठेवली. दोन मित्रांनी आपापले फोन शेजारी धरून मेसेज ताडून पाहिले असते तरच फरक लक्षात आला असता. कंपनीला हा दावा मान्य नाही आणि निकाल कोर्टाने द्यायचा आहे. पण मेसेजचे शब्द लोकांच्या फोनवर होते, ते कोणीही वाचू शकत होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मेसेज उशिरा आला अशी ही तक्रार नाही. बातमी फुटल्यावर थोड्याच दिवसांत मेसेज गेले. तक्रार मजकुराबद्दल आहे. वॉशिंग्टनच्या कायद्यात नोटीस कधी द्यायची याइतकंच त्यात काय असायला हवं हेही लिहिलेलं आहे. भाषा साधी हवी. कंपनीचं नाव आणि संपर्क हवा. कोणत्या प्रकारची माहिती गेली किंवा गेल्याची शक्यता आहे त्याची यादी हवी. चोरी कधी झाली, कधी लक्षात आली, माहिती किती काळ उघडी होती हे हवं. आणि क्रेडिट ब्युरोंचे फोन नंबर व पत्ते हवेत. एवढं सगळं दोन-तीन ओळींच्या मेसेजमध्ये मावत नाही.

अमेरिकेत यासाठी सगळ्यांना लागू होणारा एकच केंद्रीय कायदा नाही. प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. सुरुवात कॅलिफोर्नियाने केली, तिथला कायदा जुलै २००३ मध्ये लागू झाला. शेवटचं राज्य २०१८ मध्ये सामील झालं. तुम्हाला कोणता कायदा लागू होतो हे तुम्ही कुठे राहता यावर ठरतं, कंपनीचं मुख्यालय कुठे आहे यावर नाही. कॅलिफोर्नियाने तर नोटिशीचे मथळेही ठरवून दिले आहेत: काय घडलं, कोणती माहिती यात होती, आम्ही काय करत आहोत, तुम्ही काय करू शकता, आणि अधिक माहितीसाठी कुठे जायचं. हे पाच मथळे पाठ करून ठेवा. कोणत्याही राज्यातली नोटीस हातात आली की तिला हे पाच प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर मिळत नाही, तिथे पेन्सिलने खूण करा. नोटिशीवरच्या नंबरवर फोन लावायचा तो त्या खुणेसाठी.

नोटीस वाचायची कशी

नोटिशी वकील लिहितात. त्यातला शब्दन् शब्द तोलून टाकलेला असतो, म्हणून वाचतानाही तोलून वाचावा लागतो.

'गैरवापराचा पुरावा आमच्याकडे नाही' हे वाक्य जवळपास प्रत्येक नोटिशीत सापडतं. याचा अर्थ गैरवापर झाला नाही असा होत नाही. कंपनीला तो दिसलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चोरलेला नंबर वापरून दुसऱ्या राज्यात कोणी कर्ज काढलं तर ते फोन कंपनीला दिसणार कसं? ते तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं, आणि तिथे तुम्हीच पाहायचं असतं.

'आपल्या माहितीमध्ये पुढीलपैकी एक किंवा अधिक गोष्टींचा समावेश असू शकतो' असं असेल तर ती सरसकट सगळ्यांना पाठवलेली यादी आहे. फोन करून विचारा: माझ्या बाबतीत यातलं नेमकं काय? उत्तर मिळालं नाही तर यादीतली सगळ्यात वाईट गोष्ट गेली असं धरून चाला.

तारखाही पाहा. चोरी कधी सुरू झाली आणि कधी लक्षात आली यातलं अंतर म्हणजे तुम्ही बेसावध असलेला काळ. टी-मोबाइलच्या बाबतीत राज्याच्या म्हणण्यानुसार ते अंतर मार्च ते ऑगस्ट असं होतं. म्हणून क्रेडिट रिपोर्ट तपासताना नोटीस आल्यानंतरच्याच नोंदी पाहून भागत नाही, पहिल्या तारखेपासूनच्या पाहाव्या लागतात.

आणि मुळात नोटीस खरी आहे का? मोठी चोरी झाली की खोट्या नोटिशींचंही पीक येतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून तिथे सूचना आहे का पाहा. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांत मोठ्या चोरीची नोटीस अॅटर्नी जनरलकडेही द्यावी लागते आणि त्या नोटिशी त्यांच्या संकेतस्थळावर लोकांना पाहता येतात. तुम्ही दुसऱ्या राज्यात असलात तरी तिथली नमुना-नोटीस वाचा. कित्येकदा तुमच्या मेसेजपेक्षा तिथे जास्त लिहिलेलं असतं.

कंपनीने काय दिलं, आणि त्याची मर्यादा

टी-मोबाइलने प्रीपेड ग्राहकांचे उघडे पडलेले पिन बदलले. बाधितांना दोन वर्षांची मॅकॅफी कंपनीची ओळख-चोरीवर नजर ठेवणारी सेवा फुकट देऊ केली. असं काही देऊ केलं असेल तर घ्यावं, त्यात तोटा नाही. फक्त ती सेवा नेमकं काय करते ते समजून घ्या. ती पाळत ठेवते. तुमच्या नावावर नवं खातं उघडलं की ती तुम्हाला कळवते, म्हणजे उघडल्यानंतर. दार बंद करण्याचं काम ती करत नाही. शिवाय ती दोन वर्षांनी संपते आणि नंबर तर संपत नाही.

दार बंद करण्याचं काम क्रेडिट फ्रीज करतो. फ्रीज असताना नवा सावकार तुमचा रिपोर्ट पाहू शकत नाही, आणि रिपोर्ट दिसला नाही की बहुतेक बँका कर्ज किंवा कार्ड देत नाहीत. २१ सप्टेंबर २०१८ पासून देशभर हा फ्रीज फुकट आहे, लावायलाही आणि काढायलाही. हा कायदा इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेल्यानंतर आला.

फ्रीज तीन ठिकाणी वेगवेगळा लावावा लागतो: इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. एका ठिकाणी लावला म्हणजे तिन्हीकडे लागला असं होत नाही. ऑनलाइन किंवा फोनवर मागितला तर कामाच्या एका दिवसात लावणं त्यांना बंधनकारक आहे, आणि उठवायला सांगितलं तर एका तासात. त्याने क्रेडिट स्कोअर कमी होत नाही. जुनी कार्डं आणि चालू कर्जं नेहमीसारखी चालतात. नवं घर भाड्याने घेताना, गाडी घेताना किंवा फोनचा प्लॅन बदलताना तो थोड्या दिवसांसाठी उठवावा लागतो. रिपोर्ट कोणत्या ब्युरोकडून काढणार हे आधी विचारलंत तर एकाच ठिकाणचा उठवून भागतं.

नव्याने आलेल्या माणसाला इथे एक अडचण येते. क्रेडिटचा इतिहास फारसा नसेल तर ऑनलाइन ओळख पटवण्याचे प्रश्न जुळत नाहीत आणि संगणक नकार देतो. तिथे सोडून देऊ नका. पोस्टाने अर्ज करता येतो, सोबत ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडायची. अर्ज पोचल्यापासून कामाच्या तीन दिवसांत फ्रीज लागला पाहिजे. नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची इथे अट नाही. या कायद्यात 'ग्राहक' या शब्दाचा अर्थ 'व्यक्ती' असा दिलेला आहे. काउंटरवर किंवा फोनवर कोणी वेगळं सांगितलं तर हे वाक्य त्यांना ऐकवा.

भारतात परतलेल्यांनी तर हे नक्की करावं. अमेरिकेत तुम्ही नवं कर्ज काढणार नाही, म्हणजे फ्रीज कायमचा ठेवायला हरकत नाही. उलट तुम्ही तिथे नसल्यामुळे चोराला मोकळं रान आहे. वसुलीची पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि पाच वर्षांनी पुन्हा व्हिसा मिळाला की घर घेताना ती सगळी समोर येतात.

फ्रीजच्या बाहेरचे दोन धोके

फ्रीज फक्त उधारीचा रस्ता बंद करतो. आपल्या कामगारांना दुसरे दोन धोके जास्त महागात पडतात.

पहिला टॅक्सचा. तुमचा नंबर वापरून चोर आधीच रिटर्न भरतो आणि रिफंड घेऊन जातो. तुमचं खरं रिटर्न मग नाकारलं जातं. यावर उपाय म्हणजे आयआरएसचा आयपी पिन. हा सहा आकडी पिन दर वर्षी नवा मिळतो आणि त्याच्याशिवाय तुमच्या नंबरवर इलेक्ट्रॉनिक रिटर्न स्वीकारलं जात नाही. सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्यांना तो मिळतोच, पण आयटीआयएन असलेल्यांनाही मिळतो. म्हणजे एच-फोर वर असलेल्या आणि आयटीआयएनवर रिटर्न भरणाऱ्या जोडीदारालाही. ऑनलाइन ओळख पटली नाही तर आयआरएसच्या कार्यालयाची वेळ घेऊन प्रत्यक्ष जाता येतं.

दुसरा धोका नोकरीचा. तुमच्या नंबरवर दुसराच कोणी कुठेतरी काम करतो. त्याची मजुरी आयआरएसकडे तुमच्या नावावर जमा दिसते आणि एक दिवस आयआरएसचं पत्र येतं की तुम्ही हे उत्पन्न का दाखवलं नाही. व्हिसावर असलेल्या माणसासाठी हा निव्वळ टॅक्सचा मामला राहत नाही. त्याला फक्त अर्जात नाव असलेल्या मालकाकडेच काम करायची परवानगी असते आणि रेकॉर्डवर दुसरा मालक दिसला तर ते खोटं आहे हे त्यालाच सिद्ध करत बसावं लागतं. यासाठी सरकारच्या myE-Verify खात्यात सेल्फ लॉक नावाची सोय आहे. ते लावलं की ई-व्हेरिफाय वापरणाऱ्या मालकाकडे कोणी तुमचा नंबर दिला तर तो जुळत नाही. मर्यादा दोन: ई-व्हेरिफाय न वापरणाऱ्या मालकाकडे याचा उपयोग नाही, आणि स्वतः नोकरी बदलताना लॉक काढायला विसरलात तर तुमचाच मेळ बसणार नाही. नवी ऑफर हातात आली की आधी लॉक काढायचं, मग कागदपत्रं द्यायची.

क्रेडिट रिपोर्ट annualcreditreport.com वर दर आठवड्याला फुकट पाहता येतो. तिथे अनोळखी खातं दिसलं तर IdentityTheft.gov वर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत छापून ठेवा. ब्युरो, बँक आणि गरज पडली तर इमिग्रेशन वकील, सगळे तोच कागद मागतात.

पैशाचं काय झालं

जुलै २०२२ मध्ये टी-मोबाइलने ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात ३५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली आणि सुरक्षेवर आणखी १५ कोटी डॉलर खर्च करायचं कबूल केलं. कागदपत्रांनी नुकसान दाखवता आलं तर एका माणसाला २५ हजार डॉलरपर्यंत मागता येत होतं. काहीच दाखवता आलं नाही तर साधारण २५ डॉलर, कॅलिफोर्नियात १००. दाव्याची शेवटची तारीख २३ जानेवारी २०२३ होती आणि ती केव्हाच गेली. ज्याला आपण बाधित आहोत हेच कळलं नाही, त्याने दावा भरला नाही. दुकानात एकदा अर्ज करून विसरलेला तो माणूस या पैशातूनही बाहेर राहिला. नोटीस नीट न पोचण्याची किंमत डॉलरमध्ये मोजायची तर ती अशी मोजता येते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०२१ ते २०२३ मधल्या टी-मोबाइलच्या चोऱ्यांबद्दल ३ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. त्यातला अर्धा दंड आणि अर्धा सुरक्षेवरचा खर्च. त्यात एक अट आमच्या मते दंडापेक्षा मोलाची आहे: ग्राहकांची माहिती कमीत कमी गोळा करायची, काय साठवलं आहे त्याची मोजदाद ठेवायची आणि गरज संपली की ती नष्ट करायची. नाकारलेल्या अर्जातला नंबर वर्षानुवर्षं साठवलाच नसता तर तो चोरीलाही गेला नसता.

म्हणून आमची मागणी दोन गोष्टींची आहे. नोटिशीच्या पहिल्या ओळीत त्या माणसाचं नेमकं काय गेलं ते नाव घेऊन लिहा. ज्याचा सोशल सिक्युरिटी नंबर गेला त्याला 'काही माहिती' म्हणून गुंडाळू नका. आणि अर्ज नाकारला किंवा खातं बंद झालं की ठरावीक मुदतीत ओळखीचे नंबर पुसून टाका आणि तसं लेखी कळवा.

कंपन्या हे करतील तेव्हा करतील. तोवर घरातले सगळे एका रविवारी बसा आणि यादी काढा: या देशात आल्यापासून कुठे कुठे नंबर दिला. फोनची दुकानं, अपार्टमेंटचे अर्ज, गाडीचं कर्ज, कन्सल्टन्सी, सगळं. यादी बहुधा वाटते त्यापेक्षा लांब निघते. यातल्या कोणाच्या चोरीची बातमी आली तर ती तुमच्यासाठीही आहे असं समजा, मेसेज येवो न येवो. तिन्ही फ्रीज आणि आयपी पिन यांना मिळून एक दुपार पुरते. परत गेलेल्या मित्रांना, वहिनींना, जुन्या रूममेटलाही कळवा. त्यांच्या नावाची नोटीस कदाचित तुमच्याच पत्त्यावर आली असेल.